आठची बस आणि पायऱ्यांवरचे एकोणीस जण

सकाळी आठची बस भरून निघून गेली, तेव्हा पुणे स्टेशनजवळच्या त्या हॉटेलच्या पायऱ्यांवर एकोणीस जण उभे राहिले होते. त्यांच्यात अकोल्याहून आलेल्या एक प्राध्यापिका होत्या. नऊच्या सत्रातला पहिला निबंध त्यांचाच होता. रिक्षा करून त्या बालेवाडीच्या सभागृहात पोहोचल्या, तेव्हा अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं होतं. त्या परिषदेच्या वाहतुकीचं काम माझ्याकडे होतं. रात्री कागद पुढे घेऊन बसले, तर बेरजेत कुठेच चूक नव्हती. हॉटेलात १३० माणसं होती आणि ४५ आसनांच्या तीन बस म्हणजे १३५ जागा. पण सातची बस अठरा जणांना घेऊन गेली होती आणि साडेसातची चाळीस जणांना. आठच्या बसला चौसष्ट माणसं आली. एकूण बत्तीस जागा रिकाम्या गेल्या आणि एकोणीस माणसं मागे राहिली.

परिषदा, संमेलनं, मोठी अधिवेशनं जिथे भरतात तिथे हॉटेल ते सभागृह अशी बस ठेवावीच लागते. तिचं वेळापत्रक म्हणजे माणसं भागिले आसनं, असं त्या दिवसापर्यंत मी धरून चालले होते. खरं तर प्रश्न जागा किती हा नसतो. कोणाला, कोणत्या मिनिटाला जागा हवी आहे, हा असतो. आणि त्याचं उत्तर दोन ठिकाणी आधीच लिहिलेलं असतं. एक, नोंदणी अर्जातल्या आगमनाच्या रकान्यात. दुसरं, कार्यक्रमपत्रिकेत. पुढच्या वेळी त्याच मार्गावर तीन दिवसांच्या परिषदेचं काम आलं, तेव्हा या दोन कागदांवरून वेळापत्रक कसं बांधलं, ते इथे सांगते.

आधी अर्ज. ‘आगमनाची वेळ’ एवढंच विचारलं तर लोक काहीही लिहितात. कोणी घरून निघण्याची वेळ लिहितो, कोणी गाडी पुण्यात येण्याची, तर कोणी हॉटेलात पोहोचण्याचा आपला अंदाज. ‘१२.३०’ लिहिणाऱ्याला दुपार म्हणायची आहे की मध्यरात्र, ते कळत नाही. मध्यरात्रीनंतर येणाऱ्यांची तर तारीखही बरेचदा चुकते, कारण त्यांच्या लेखी अजून कालचीच रात्र चालू असते. म्हणून अर्जात आम्ही वेळेसोबत गाडीचा किंवा विमानाचा क्रमांकही मागितला. क्रमांक असला की खरी वेळ आपली आपण शोधता येते, आणि त्या दिवशी गाडी उशिरा धावते आहे का, हेही बघता येतं. आणखी एक प्रश्न घातला: हॉटेलहून आमच्या बसने येणार की स्वतःच्या वाहनाने?

त्या हॉटेलात १६८ जण उतरणार होते. परिषद शुक्रवारी सुरू होत होती. गुरुवारी रात्री नऊपर्यंत येणारे ७४ निघाले. मुंबईहून संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटणारी डेक्कन क्वीन पुण्यात साडेआठच्या आत येते, तिने येणारेही यातच. नऊ ते मध्यरात्र या वेळात २२. शुक्रवारी पहाटे पाच ते सव्वासात या वेळात ३१, म्हणजे नागपूर, अमरावती, नांदेडकडून रात्रभराच्या प्रवासाने येणारे. सकाळी नऊ ते बारा या वेळात १९, त्यातले बरेच मुंबईहून पहाटे निघणाऱ्या इंद्रायणीने. दुपारनंतर १४. आणि आठ जणांनी तो रकाना कोराच ठेवला होता.

आता शुक्रवारी सकाळी हॉटेलच्या दारातून बस पकडू शकतील असे किती? गुरुवारी आलेले ९६, पहाटेचे ३१ आणि कोऱ्या रकान्याचे आठ, मिळून १३५. कोरा रकाना म्हणजे माणूस नाही असं धरायचं नसतं. तो आलेलाच आहे असं धरावं. या १३५ मधल्या सतरा जणांनी स्वतःच्या वाहनाने येतो असं कळवलं होतं. उरले ११८. उद्घाटनाच्या दिवशी हा आकडा मी आणखी कमी करत नाही. बसने येतो म्हणणारे सगळेच येत नाहीत हे खरं, पण पहिल्या सकाळी शहर अनोळखी असतं आणि बहुतेक जण बसचाच आधार धरतात. नऊ ते बारामध्ये येणाऱ्यांना मात्र या हिशेबातून पूर्ण काढलं. सव्वानऊला स्टेशनवर उतरलेला माणूस सामान ठेवून, तोंड धुऊन दहाच्या उद्घाटनाला बालेवाडीत पोहोचूच शकत नाही. त्यांच्यासाठी दुपारी बाराची एक वेगळी फेरी ठेवली.

दुसरा कागद कार्यक्रमपत्रिका. ती उलटी वाचावी लागते, शेवटून सुरुवातीकडे. उद्घाटन दहाला, म्हणजे ९.५० ला माणूस खुर्चीत हवा. त्याआधी बसमधून उतरणं, आवारात चालणं, नोंदणीच्या टेबलापाशी बॅज आणि पिशवी घेणं, चहा. टेबलं चार होती आणि एका माणसाला दीड मिनिट धरलं, तर तासाला १६० जण होतात. पुण्यातले प्रतिनिधी त्याच टेबलांवर येणार, ते साधारण २१०. त्यात आमचे ११८. म्हणजे दोन तासांहून जास्त काम, आणि टेबलं उघडणार आठला. बस कितीही वेळेवर पोहोचवली तरी रांग माणसाला अडवणारच. यावर उपाय बसचा नव्हता. गुरुवारी संध्याकाळी हॉटेलच्याच लॉबीत एक टेबल लावलं आणि आलेल्यांपैकी साठेक जणांना तिथेच बॅज देऊन टाकले. सकाळची रांग तेवढ्याने आटोक्यात आली. वाहतुकीचं काम करणाऱ्याने नोंदणीवाल्यांशी आधी बोलून घ्यावं, असं मी दर वेळी सांगते ते यासाठी. तरी रांगेसाठी पस्तीस मिनिटं धरलीच. म्हणजे बहुतेकांची बस सव्वानऊच्या आत बालेवाडीत पोहोचायला हवी.

आता सव्वानऊतून प्रवासाचा वेळ वजा करायचा. इथे नकाशावरच्या किलोमीटरचा उपयोग नाही. पुणे स्टेशन ते बालेवाडी पंधरा-सोळा किलोमीटर आहे, पण वाटेत गणेशखिंड रस्ता आहे, विद्यापीठ चौक आहे, बाणेर रस्ता आहे, आणि हिंजवडीला कामाला जाणारी सगळी वाहनं त्याच वेळी त्याच दिशेने निघालेली असतात. आम्ही आधीच्या शुक्रवारी प्रत्यक्ष बस चालवून पाहिली. गाडीने चाचणी घेतली तर फसायला होतं, कारण बस चौकात हळू वळते आणि थांब्याजवळ तिला जागा मिळायला वेळ लागतो. सातला निघालेली बस चाळीस मिनिटांत पोहोचली. पावणेआठच्या सुमारास निघालेलीला त्रेपन्न मिनिटं लागली, आठच्या बसला तास, आणि ८.४० च्या बसला सत्तर मिनिटं. उलट दिशेने, बालेवाडीहून स्टेशनकडे, पंचेचाळीस मिनिटं. म्हणजे या रस्त्याला ‘प्रवासाचा वेळ’ असा एक आकडा नाहीच. निघण्याच्या प्रत्येक वेळेचा आकडा वेगळा, आणि आठनंतर तो झपाट्याने वाढतो. सरासरी काढून वेळापत्रक छापलं, तर शेवटची बस, जिच्यात सगळ्यात जास्त माणसं असतात, तीच उशिरा पोहोचते.

किती बस लागतील हेही यातूनच ठरतं. बसची एक पूर्ण फेरी म्हणजे जाणं, माणसं उतरणं, परत येणं आणि पुन्हा भरणं. आठच्या सुमाराची फेरी साठ अधिक पाच अधिक पंचेचाळीस अधिक दहा, म्हणजे दोन तासांची. दर वीस मिनिटांनी बस सोडायची म्हटलं तर १२० भागिले २०, सहा बस लागतील. हेच हॉटेल बालेवाडीपासून दोन किलोमीटरवर असतं, तर फेरी अर्ध्या तासात संपली असती आणि दोन बसमध्ये दर पंधरा मिनिटांना गाडी देता आली असती. संयोजक हॉटेल निवडतात तेव्हा खोलीचं भाडं बघतात. लांबच्या स्वस्त खोलीतून वाचलेला पैसा बसच्या भाड्यात परत जातो, हे त्यांना फेरीचा हिशेब मांडून दाखवल्याशिवाय दिसत नाही.

आमच्याकडे तीन बसचे पैसे होते. पहिल्या बसला सातला सोडली. ती ७.४० ला पोहोचून, रिकामी होऊन साडेआठला परत हॉटेलशी येते आणि ८.४० ला पुन्हा निघू शकते. दुसरी ७.४० ला, तिसरी आठला. अशा तीन बसमधून चार फेऱ्या आणि १८० जागा झाल्या. ११८ माणसांना इतक्या जागा कशाला, असं खजिनदारांनी विचारलं. पायऱ्यांवरचे एकोणीस जण हेच त्याचं उत्तर होतं. माणसं फेऱ्यांमध्ये सारखी वाटली जात नाहीत. मनासारखा नाश्ता करून, वेळेत पोहोचवेल अशी शेवटची बस पकडायची, हा सगळ्यांचाच स्वभाव असतो. त्यामुळे ७.४० आणि आठ यांच्यात फक्त वीस मिनिटं ठेवली. एक भरली तर उरलेल्याला पुढची जवळच असावी. सातच्या आणि ७.४० च्या मधे चाळीस मिनिटं चालतात, कारण तेव्हा येणारा माणूस घाईत नसतो.

८.४० ची फेरी पत्रकात छापलीच नाही. छापली असती तर आठच्या बसचे निम्मे लोक तिच्यावर गेले असते आणि ९.५० ला उतरून धावत सुटले असते. ती होती पहाटेच्या गाड्यांनी येणाऱ्यांसाठी. सव्वासातला स्टेशनवर उतरलेल्याला हॉटेल गाठून, खोली घेऊन, आंघोळ करून निघायला किमान सव्वा तास लागतो. साडेआठच्या आधी तो दारात येऊ शकत नाही. अशा पंधरा जणांना आदल्या दिवशी फोनवर संदेश पाठवून ही वेळ कळवली आणि त्यांचे बॅज सभागृहाच्या दाराशीच वेगळे काढून ठेवले. नेमकी त्या सकाळी विदर्भाकडून येणारी एक गाडी पाऊण तास उशिरा आली. पंधराऐवजी एकवीस जण त्या बसला आले, आणि पंचेचाळीस आसनांच्या बसमध्ये निवांत बसून गेले.

पत्रकात एक गोष्ट जपावी. फेऱ्यांमधलं अंतर वीस-तीस मिनिटं असेल तर ‘दर अर्ध्या तासाने बस’ असं लिहू नये. नेमक्या सुटण्याच्या वेळा लिहाव्यात, आणि त्यांच्यापुढे पोहोचण्याची वेळही. ‘आठला सुटणार, नऊला पोहोचणार’ असं वाचलेला माणूस स्वतःचं गणित स्वतः करतो. नुसतं ‘आठला सुटणार’ वाचलेला माणूस नकाशातले पंधरा किलोमीटर बघून अर्ध्या तासाचा अंदाज बांधतो.

शनिवारचं वेळापत्रक शुक्रवारचीच नक्कल करून छापण्याचा मोह होतो. पण शनिवारी तीन गोष्टी बदलल्या होत्या. सत्र दहाऐवजी नऊला होतं. हॉटेलात आता सगळेच्या सगळे १६८ होते. आणि हिंजवडीच्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी असल्यामुळे रस्ता मोकळा होता; पावणेआठच्या बसला त्रेपन्नऐवजी बेचाळीस मिनिटं पुरत होती. शिवाय नोंदणीची रांग नव्हती, त्यामुळे ८.४० ला पोहोचलं तरी चालणार होतं. त्या दिवशी समांतर सत्रं होती आणि कोण कशाला बसणार हे अर्जात विचारलेलं होतं. नऊच्या सत्राला बसने येणारे ९६, अकराच्या कार्यशाळेला ४१, बाकीचे ३१ स्वतःच्या वाहनाने. ही निवड अर्जात विचारली नसती, तर १३७ जणांची सोय सकाळीच करायची म्हणून चौथी बस मागवावी लागली असती. एक बस ७.२० ला सोडली आणि दोन ७.५० ला, एकामागे एक. पहिलीत सव्वीस आले, दोघींत मिळून सत्तर. सकाळच्या बस परत आणून ९.३० आणि ९.५० ला दोन फेऱ्या कार्यशाळेसाठी केल्या. ४१ माणसं एका बसमध्ये मावतात हे खरं, पण पंचेचाळीसच्या बसला ४१ म्हणजे कोणी ऐनवेळी मित्राला घेऊन आला की पुन्हा पायऱ्यांवर माणसं.

शनिवारी खरी अडचण आली ती नाश्त्याची. हॉटेलचा नाश्ता सातला सुरू व्हायचा आणि भोजनकक्षात साठ जण बसू शकत. नऊच्या सत्राचे शहाण्णव जण सात ते पावणेआठमध्ये तिथे येणार, त्यात हॉटेलचे इतर पाहुणे. माणूस डोसा टाकून बसकडे धावत नाही, आणि धावायला लावूही नये. हॉटेलच्या व्यवस्थापकांशी आठवडाभर आधी बोलून त्या एका दिवसासाठी नाश्ता साडेसहाला सुरू करवला, आणि तो बदल त्यांच्याकडून लेखी घेतला, कारण सकाळच्या पाळीतला आचारी वेगळा असतो. बस रिकामी का जाते आहे हे रस्त्यावर उभं राहून कळत नाही, तेव्हा भोजनकक्षात जाऊन बघावं. उत्तर बरेचदा तिथे असतं.

परतीचा हिशेब वेगळा आहे. सकाळी माणसं थोडी थोडी येतात, संध्याकाळी सत्र सुटलं की सगळी एकदम. शुक्रवारी साडेपाचला सुटलेल्यांना हिंजवडीहून परतणारी वाहनं पुन्हा आडवी आली आणि स्टेशनपर्यंत सव्वा तास लागला. ज्यांना जेवायला थांबायचं नव्हतं त्यांच्यासाठी ५.४५ ची एक बस, आणि बाकीच्यांना जेवणानंतर साडेआठपासून, असं ठेवलं. शेवटच्या बसची वेळ ठळक लिहिली आणि ती गेल्यावरही एक सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर आवारात उभी ठेवली.

या लांब दिवसामागे चालक असतो, हे वेळापत्रक बनवताना डोळ्यांपुढे ठेवावं लागतं. साडेसहाला हॉटेलशी लागलेली बस रात्री पावणेदहाला सुटत असेल तर तो पंधरा तासांचा दिवस झाला. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा होता आणि त्यात दिवसाचे आठ तास सांगितले होते. बस भाड्याने देणारे बहुतेक वेळा ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ असा दर सांगतात आणि पुढचे तास जादा लावतात. त्या जादा पैशात तोच चालक थांबवून ठेवू नका, दुसरा पाठवा, असं आम्ही करारातच लिहिलं. दुपारी बारा ते पाच बस उभ्याच असतात, त्या वेळात पाळी बदलली. भाडं बस त्यांच्या आवारातून निघाल्यापासून मोजतात की आपल्या दारापासून, हेही आधी विचारून घेतलं, नाहीतर बिल पाहून धक्का बसतो.

तिन्ही दिवस हॉटेलच्या दाराशी एक विद्यार्थी स्वयंसेवक कागद घेऊन उभा होता. रकाने पाचच होते: छापलेली वेळ, खरी सुटण्याची वेळ, चढलेली माणसं, मागे राहिलेली माणसं, आणि तिकडच्या स्वयंसेवकाने फोनवर कळवलेली पोहोचण्याची वेळ. शुक्रवारी त्यात सातच्या बसपुढे २४, ७.४० पुढे ३५, आठपुढे ४१ असे आकडे आले. मागे राहिलेल्यांच्या रकान्यात तिन्हीकडे शून्य. सुटण्याची खरी वेळ मात्र ८.०७ होती. पंचेचाळीस आसनांच्या बसला एकच दार, आणि माणसं एकेक करून चढतात, सीट निवडतात, पिशवी वर ठेवतात. चाळीस जणांना पाच-सहा मिनिटं सहज लागतात. दुसऱ्या दिवसापासून बस सुटण्याच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी दाराशी लावायला सांगितली. ती सात मिनिटं भरून निघाली.

रविवारी मात्र चढायला त्याच्या दुप्पट वेळ लागला, कारण हातात सामान होतं. समारोप दीडला होता आणि खोल्या अकराला सोडायच्या होत्या, म्हणून सगळे सकाळीच बॅगा घेऊन बसमध्ये बसले. पोटातली सामानाची जागा चाळीस जणांच्या बॅगांनी भरली आणि उरलेल्या बॅगा मागच्या दोन रांगांवर ठेवल्या, म्हणजे पंचेचाळीसची बस सदतीस माणसांची झाली. हा फरक मी आधीच्या परिषदेत शिकले होते, त्यामुळे त्या सकाळी प्रत्येक फेरीला सदतीसच जागा धरल्या होत्या. अर्जात परतीच्या गाडीचा क्रमांकही मागितला होता. त्यावरून दिसलं की चौदा जणांना मुंबईला जाणारी दुपारी सव्वातीनच्या सुमाराची डेक्कन एक्सप्रेस पकडायची आहे. समारोप संपेपर्यंत थांबले तर १.४५ ची बस आणि रविवारच्या दुपारच्या मोकळ्या रस्त्यावर पाऊण तास. त्यांच्या बॅगा सकाळीच बसच्या दाराजवळ वेगळ्या ठेवल्या होत्या. अडीच वाजून पाच मिनिटांनी स्टेशनवरून फोन आला, चौदाही जण फलाटावर होते.